हिरव्या ट्रकमधलं पिवळं केळं

जळगावात आमच्या बालमासिकाचं एक सदर आहे. पालकांनी मुलाच्या चित्राचा फोटो अपलोड करायचा, आम्ही त्यावर छोटी गोष्ट लिहायची. फॉर्ममध्ये ‘गोष्ट कशी हवी?’ असा एक रकाना असतो. त्या दिवशी रावेरकडून आलेल्या फॉर्ममध्ये तो कोरा होता. फक्त वय भरलेलं: ५ वर्षं.

चित्रात ट्रक होता, आणि ट्रकच्या भिंतीतून आतले घड सरळ दिसत होते. या वयात मुलं जे दिसतं ते काढत नाहीत, जे ठाऊक आहे ते काढतात. शेजारी माणूस: डोक्यालाच पाय फुटलेले, धड नाही. त्याचा एक हात मात्र ट्रकपर्यंत लांबलेला. जो हात काम करतो तो मुलं लांब काढतात, म्हणून मी आधी हाताकडे बघतो. कोपऱ्यात चार पायांचा, माणसासारखं हसणारा कुणीतरी.

केळी हिरवी रंगवलेली. बाहेरचा माणूस म्हणाला असता, रंग चुकला. आमच्याकडे ट्रकमध्ये केळी हिरवीच चढतात, पिकवतात ती पुढे, ज्या गावी जातील तिथे. पोराने डोळ्यांदेखत पाहिलेलं होतं.

मोबाइलच्या फोटोत पिवळा खडू हमखास उडतो, म्हणून मी फोटो गडद करून पाहिला. त्या लांब हाताच्या टोकाला एक पिवळी रेघ उमटली. पिकलेलं केळं!

गोष्ट तिथेच सापडली. पिकलेल्या केळ्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि शेजारची हिरवी केळीही पिकायला लागतात. लांबच्या प्रवासात असं एखादं आत राहिलं, तर माल उतरवेपर्यंत खराब होऊ शकतो. म्हणजे तो माणूस केळं चोरत नव्हता, ट्रक वाचवत होता.

मी लिहिलं: ‘सगळे झोपले होते. एकट्या पिवळ्याला घाई झाली. तो शेजाऱ्यांच्या कानात कुजबुजायला लागला, पिका, पिका! तेवढ्यात खालून हाक आली, काढ रे भो त्याला! एक हात लांब झाला, आणखी लांब झाला...’ पिवळा शेवटी कोपऱ्यातल्या हसऱ्याला मिळाला.

तो हसरा गाय की कुत्रा, हे मी मुद्दाम लिहिलं नाही. प्राण्याचं नाव चुकलं की पोर पुढचं ऐकतच नाही. नवीन पात्रही घातलं नाही; चित्रात नसलेली परी आली की गोष्ट मुलाची राहत नाही, आपली होते. ‘फळं खावीत’ हे वाक्य सहकारी मॅडमनी शेवटी जोडलं होतं. ते काढायला अर्धा तास वाद घालावा लागला.

संध्याकाळी आईचा निरोप आला: “सर, तो विचारतोय, सालीचं काय झालं?”

अंक छपाईला जायचा होता. शेवटच्या ओळीत मी एक शब्द वाढवला: हसऱ्याने केळं सालीसकट खाल्लं.