मिश्र वर्ग, आठवडा सहावा : डाव्या पायाची रांग आणि उजव्या पायाची रांग

मंगळवार पेठेतील एका छोट्या सभागृहात आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. सध्या चौदा जण येतात : सात ते दहा वर्षांची सात मुले, बारा-तेरा वर्षांच्या चार मुली आणि तिशी ओलांडलेले तिघे. सहा फूट बाय चार फूट मापाच्या, दोन इंच जाडीच्या दहा मॅट आमच्याकडे आहेत आणि आधार देऊ शकेल अशी मी एकटीच आहे. कोलांटी आणि कार्टव्हील, म्हणजे हात टेकून बाजूने चाकासारखे उलटे फिरणे, एकाच तासात शिकवायचे, तर माझे दोन हात कोठे हवेत, हा या आठवड्यातील मुख्य प्रश्न होता.

कोलांटीपासून सुरुवात करते. पहिला टप्पा पाळण्याचा, म्हणजे गुडघे कवेत घेऊन पाठीवर मागे-पुढे झुलणे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये रुमाल धरायला लावला, की मान किती वेळा सुटते ते मुलाचे त्यालाच कळते, कारण रुमाल पडतो. दुसऱ्या टप्प्यात त्याच झोक्यातून, हात न टेकता, टाचा बुडाजवळ घेऊन उभे राहायचे. हे जमल्यावरच आम्ही उतारावर जातो. उतारासाठी विकतची पाचरीच्या आकाराची गादी आमच्याकडे नाही. एका रुंद फळीचे एक टोक आठ इंच उंच ठोकळ्यावर ठेवून, ठोकळा आणि फळी एकमेकांना पट्ट्याने आवळून, त्यावर मॅट घालतो. पट्टा नसेल तर फळी मागे सरकते, हे पहिल्याच दिवशी रिकाम्या फळीवर पाय देऊन पाहिले होते, ते बरे झाले.

वर्गातील एका काकूंची कोलांटी तीन आठवडे अडून बसली होती. "ताई, माझं डोस्कंच आधी टेकतंय की," असे त्या दर वेळी म्हणत आणि मी दर वेळी "हनुवटी आत घ्या" एवढेच सांगत असे. गुरुवारी मॅटवर खडूची भुकटी पसरली आणि एक कोलांटी झाल्यावर ती कोठे लागली ते पाहिले. टाळूवरच्या केसांत भरपूर होती, खांद्यांवर जवळजवळ नव्हती. मग हात पाहिले, तेव्हा चूक सापडली : काकू तळवे पायांपासून दोन फूट लांब टेकत होत्या, त्यामुळे कंबर मागेच राहत होती आणि डोके सरळ खाली येत होते. हनुवटी आत असूनही टाळूच टेकणार, कारण पाठ गोल होऊन पुढे यायला कंबर आधी डोक्यापेक्षा उंच जायला हवी. तळवे पायांच्या बोटांपासून एका फुटावर टेकवले, पाय सरळ करत कंबर उचलायला सांगितली, नजर बेंबीकडे ठेवायला सांगितली आणि उताराच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. पाचव्या प्रयत्नात भुकटी दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांवर आली आणि केस स्वच्छ राहिले. सपाट मॅटवर मात्र काकूंना अजून आणलेले नाही.

या कोलांटीला आधार देताना मी बाजूला, हातांच्या किंचित पुढे, एक गुडघा टेकून बसते. एक हात डोक्याच्या मागे असतो, तो केवळ दिशा दाखवण्यासाठी. त्याने मानेवर दाब द्यायचा नाही. खरे काम दुसऱ्या हाताचे, जो मांडीच्या मागून वर उचलतो आणि मानेवरचा भार कमी करतो. लहान मुलांसाठी एवढे पुरते. प्रौढांना असे उचलणे मला झेपत नाही, म्हणून त्यांच्यासाठी माझ्या हातापेक्षा उतारावरच भिस्त. डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलाच्या आईने चौकशी केली होती. अशा काही मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, म्हणून डॉक्टरांनी मान तपासून होकार दिल्याशिवाय कोलांटी नाही, असे त्यांना सांगितले आहे.

तालमीत जाणारा एक नऊ वर्षांचा मुलगा एका खांद्यावरून तिरका लोळतो. मातीत ती सवय कामाची आहे, म्हणून ती मोडायला मी गेले नाही. मॅटवर मधोमध रेघ मारून दोन्ही तळवे तिच्या दोन बाजूंना, समान अंतरावर टेकवायला लावले, की तो सरळ जातो.

आता कार्टव्हील. पहिल्यांदा तळवे बुटक्या बाकावर टेकून पाय एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उडवणे, नंतर खडूच्या अर्धवर्तुळावरून हात-हात-पाय-पाय असे जाणे आणि शेवटी सरळ रेघेवर, असा क्रम ठेवला आहे. अर्धवर्तुळावर कंबर पूर्ण उंच न जाताही ताल जमतो, म्हणून भित्र्या मुलांना तेथे धीर येतो. तालाची परीक्षा डोळ्यांपेक्षा कानाने लवकर होते. चार वेगळे आवाज आले पाहिजेत. बारा वर्षांच्या एका मुलीचे शेवटचे दोन आवाज मिळून एकच "धप्प" येत असे, म्हणजे दोन्ही पाय एकत्र पडत होते. ती पहिला हात पुढच्या पायाच्या अगदी जवळ टेकत होती आणि दुसरा हात रेघ सोडून बाजूला. पुढच्या पायापासून दीड फुटावर पहिल्या तळव्याचा, त्यापुढे खांद्याइतक्या अंतरावर दुसऱ्याचा ठसा खडूने काढला. पहिला ठसा रेघेला आडवा काढला, म्हणजे वळण हातापासूनच सुरू होते. शनिवारी तिचे चार आवाज वेगळे आले, पण गुडघे अजून वाकतात.

कापसाच्या गाद्या घालून पाहाव्यात, असे एका पालकांनी सुचवले होते. त्यांत मनगट रुतते आणि हात वळतो, म्हणून कार्टव्हीलला घट्ट मॅटच बरी.

आधाराची जागा मात्र मी चुकीच्या बाजूने शिकले. मुलाच्या पोटाच्या बाजूला उभी राहिले आणि एका वाकलेल्या गुडघ्याने माझा चष्मा उडवला. आधार पाठीच्या बाजूनेच द्यायचा. ज्याचा डावा पाय पुढे, त्याची पाठ डावीकडे येते आणि उजव्या पायाने निघणाऱ्याची उजवीकडे, म्हणून जो पाय पुढे त्याच बाजूला मी उभी राहते. कंबर धरताना हात आधीच एकमेकांवर फुली करून ठेवायचे, पुढच्या पायाच्या बाजूचा माझा हात वर, म्हणजे मूल उलटे होताना फुली आपोआप सुटते. लिहिण्याच्या हातावरून पाय ठरत नाही. चौदांपैकी पाच जण डाव्या पायाने निघतात आणि त्यांत डावखुरा एकच आहे. रेघेवरून तीन-चार वेळा उडी मारायला लावून पाय पाहिला आणि मनगटावर दोन रंगांच्या लोकरी बांधल्या.

यावरूनच मॅटची मांडणी बदलली. आधी एकच लांब पट्टी भिंतीजवळ होती, त्यामुळे भिंतीकडचा पाय पुढे टाकून निघणाऱ्या मुलांसाठी मला भिंतीत शिरावे लागले असते. आता तीन-तीन मॅटच्या दोन समांतर पट्ट्या घातल्या आहेत आणि मध्ये तीन फुटांची मोकळी वाट आहे, जिथे मी उभी राहते. दोन्ही पट्ट्यांवर मुले एकाच दिशेने जातात. जाण्याच्या दिशेने पाहिले, तर उजव्या पट्टीवर डाव्या पायाची आणि डाव्या पट्टीवर उजव्या पायाची मुले. दोन्हीकडून पाठ माझ्याकडे आणि पाय बाहेरच्या बाजूला येतात. एक मूल संपले की मी फक्त वळते. परतताना मुले बाहेरच्या कडेने येतात, त्यामुळे कोणी कोणाच्या वाटेत येत नाही.

उरलेल्या चार मॅट सभागृहाच्या टोकाला आडव्या आहेत, भिंतीपासून सहा फूट सोडून. एका जोडीखाली उतार, दुसरीवर पाळणा. नवी कोलांटी मी असल्याशिवाय होत नाही. मी वाटेत असताना त्या बाजूला फक्त पाळणा आणि झोक्यातून उभे राहणे चालते, आणि कार्टव्हीलच्या रांगा दहा मिनिटे थांबवून मी उताराकडे जाते. त्या वेळात कार्टव्हीलवाले बाकावरचा पहिला टप्पा करतात.

अडचण अशी, की डाव्या पायाची रांग पाच जणांची आणि उजव्या पायाची नऊ जणांची, त्यामुळे उजव्या पायाची मुले ताटकळतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पट्टीच्या तोंडाशी बाक ठेवून पाहणार आहे.