दोन नोकऱ्या, शून्य टीडीएस आणि एकतीस हजारांचा कर

जुलै २०२५. रिटर्नचा हंगाम ऐन भरात होता आणि आमच्या चिंचवडच्या कार्यालयात दुपारी बसायला खुर्ची उरली नव्हती. त्या गर्दीत एक मुलगी वडिलांना घेऊन आली. इंजिनिअर, पुण्यात नोकरी, पहिलंच रिटर्न. वडील एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी फाईल उघडून फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "ताई, हिचा कर काही निघत नाही. कंपनीनेच शून्य दाखवलाय. फक्त रिटर्न भरून द्या."

फॉर्म १६ मध्ये खरोखरच टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला कर, शून्य होता. पण त्यावरचा कालावधी ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ असा होता. मी तिला विचारलं, "आणि एप्रिल ते सप्टेंबर?"

"तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होते, मॅडम. पण तिथेही कर कापला नव्हता. त्यांनी फॉर्म १६ दिलाच नाही."

यात त्या कंपनीचं चुकलं असं नाही. पगारातून कर कापलाच नसेल तर फॉर्म १६ देण्याची सक्ती नसते. पण फॉर्म मिळाला नाही म्हणून तो पगार उत्पन्नातून वजा होत नाही. मी तिला incometax.gov.in वर लॉगिन करायला सांगितलं. तिथे पॅन हाच युजर आयडी असतो. मग एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडलं. तुमच्या पॅनवर पगार, व्याज, लाभांश यांची जी माहिती कंपन्यांनी आणि बँकांनी कळवलेली असते, ती तिथे एका जागी दिसते. पगाराच्या रकान्यात दोन नावं होती. खाली बँकेच्या व्याजाचे १०,००० रुपये होते, ते तिच्या लक्षातही नव्हते.

मी कोणाचंही पहिलं रिटर्न हातात घेते तेव्हा फॉर्म १६ च्या आधी एआयएस बघते. फॉर्म १६ फक्त त्या एका कंपनीपुरतं बोलतो. आणि एआयएसमध्येही सगळं असेलच असं नाही, म्हणून पगाराच्या पावत्या आणि बँकेचा उतारा शेजारी ठेवायचा. तिच्या जुन्या पावत्या मेलमध्ये सापडल्या.

मग कागदावर हिशोब मांडला. पहिल्या कंपनीत महिना ६०,००० प्रमाणे सहा महिन्यांचे ३,६०,०००. दुसरीत ८०,००० प्रमाणे ४,८०,०००. एकूण पगार ८,४०,०००. त्यातून नव्या करप्रणालीतली ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, राहिले ७,६५,०००. व्याजाचे १०,००० मिळवले की करपात्र उत्पन्न ७,७५,०००. त्या वर्षी पहिल्या तीन लाखांवर कर नव्हता, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आणि सात लाखांच्या वरच्या ७५,००० वर १० टक्के म्हणजे ७,५००. झाले २७,५००. त्यावर ४ टक्के उपकर धरून २८,६००.

वडील कागदाकडे बघत राहिले. "मग दोन्ही कंपन्यांनी शून्य कसा काढला?"

हा प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून मी सावकाश सांगितलं. पहिल्या कंपनीने गृहीत धरलं की ही वर्षभर इथेच राहील. साठ हजारांनी वर्षाचे ७,२०,००० होतात, वजावटीनंतर ६,४५,०००. त्या वर्षी नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न सात लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ ची सवलत मिळून कर शून्य व्हायचा. त्यांनी काही कापलं नाही. दुसऱ्या कंपनीला जुन्या पगाराची माहितीच नव्हती. तिने आपले ४,८०,००० धरले, पुन्हा तीच ७५,००० ची वजावट दिली आणि तिचाही कर शून्य आला. दोघांचं गणित आपापल्या जागी बरोबर होतं. पण वजावट, करमुक्त टप्पा आणि सवलत या गोष्टी माणसाला वर्षातून एकदाच मिळतात, कंपनीगणिक नाही. पगार एकत्र केल्यावर उत्पन्न सात लाखांच्या वर गेलं आणि सवलत संपली.

जुन्या प्रणालीतही करून पाहिलं. घरभाडं आणि पीएफ धरूनही कर चाळीस हजारांच्या वर जात होता, त्यामुळे नवीच ठेवली.

वर व्याज होतं. टीडीएस वजा जाऊन कर दहा हजार किंवा जास्त निघत असेल तर तो वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी आगाऊ भरायचा असतो. तो न भरल्याबद्दल कलम २३४ब खाली महिना एक टक्का, एप्रिल ते जुलैचे १,१४४. हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४क खाली १,४३८. सगळं मिळून ३१,१८० रुपये.

मुलगी हळूच म्हणाली, "ऑफिसमधले म्हणतात, एकाच कंपनीचा फॉर्म १६ लाव, कोणी बघत नाही." मी तिला पुन्हा एआयएसचा पडदा दाखवला. जे मला दोन मिनिटांत दिसलं, ते विभागाच्या संगणकाला आधीच दिसतंय. रिटर्नमधला पगार कमी भरला की तफावतीची नोटीस येते, आणि तोवर व्याज वाढत राहतं. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंडही लागू शकतो. तिने मान डोलावली. वडील म्हणाले, "भरून टाक गं."

पैसे त्याच संकेतस्थळावरच्या ई-पे टॅक्समधून भरले. इथे नवखी माणसं अडकतात. उत्पन्न २०२४-२५ चं, पण चलनावर करनिर्धारण वर्ष २०२५-२६ निवडायचं आणि प्रकार स्वयंनिर्धारण कर, कोड ३००. वर्ष चुकलं तर पैसे दुसऱ्याच वर्षाच्या खात्यात जमा होतात आणि इथे कर बाकीच दिसतो. चलन रिटर्नमध्ये दिसतंय ना, हे बघितलं. मग आयटीआर-१ हा रिटर्नचा फॉर्म भरला, दोन्ही कंपन्यांचा पगार मिळवून आणि वजावट एकदाच घेऊन. शेवटी आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफिकेशन. रिटर्न सादर झालं की काम झालं असं बरेच जण समजतात. ३० दिवसांत व्हेरिफाय केलं नाही, तर ते वेळेत भरलेलं धरत नाहीत.

निघताना तिने विचारलं, पुढच्या वेळी काय करू? नोकरी बदलली की नव्या कंपनीच्या एचआरला फॉर्म १२ब भरून द्यायचा. त्यात आधीच्या कंपनीचा पगार आणि कापलेला कर असतो. मग नवी कंपनी दोन्ही पगार धरून उरलेल्या महिन्यांत थोडा थोडा कर कापते. तिच्या बाबतीत महिन्याला साडेचार-पाच हजार गेले असते आणि व्याज जवळपास वाचलं असतं.

हे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे आणि तिच्या परिस्थितीचे आहेत. २०२५-२६ पासून टप्पे आणि सवलतीची मर्यादा बदलली आहे, आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक त्या त्या वर्षाचे बघा. हा अनुभव समजून घेण्यासाठी आहे, तुमच्या रिटर्नसाठीचा सल्ला नव्हे. पन्नास लाखांवर उत्पन्न, शेअरमधला अल्प मुदतीचा नफा किंवा परदेशातली मालमत्ता असेल तर आयटीआर-१ चालतच नाही. अशा वेळी कागद एखाद्या जाणकाराला दाखवूनच पुढे जा.