विल आणि आय, दोनच शब्दांची अदलाबदल

मंगळवारी संध्याकाळच्या बॅचला पोरगं आलं ते कुरिअरचं पाकीट घेऊन. टेबलावर ठेवलं आणि म्हणे, "सर, हे दुबईला पाहिजे होतं, सावद्याला आलं." मला आधी कळलंच नाही की यात माझा काय संबंध. मग त्याने मोबाईल काढून माझाच मेसेज मला दाखवला.

मी सावद्यात इंग्रजी बोलायचे क्लास घेतो, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे केळीचं पॅकहाऊस झालं की एक तरी पोरगा असा लागतो ज्याला मेल लिहिता येतो, कारण माल गेला म्हणजे काम संपलं असं नसतं, मागून कागद जावे लागतात, आणि दुबईचा समुद्रप्रवास काही दिवसांचाच, म्हणून कधी कधी कंटेनर आधी पोचतो आणि ओरिजिनल कागद मागे राहतात. कागद नाही तर माल सुटत नाही. कंटेनर तिथे 13-14 डिग्रीवर प्लग लावून उभा राहतो आणि भाडं चालू. हा पोरगा त्या कामावर. रावेरकडचा, बी.कॉम., घरात अहिराणी, कामावर मराठी, लोडिंगवाल्यांशी हिंदी आणि मेलमध्ये इंग्रजी. हुशार आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून लोक त्यालाच बोल लावतील.

त्याला ज्या गोष्टीत मी तयार करत होतो ती म्हणजे वाक्याच्या आत प्रश्न. मराठी माणसाला ही गोष्ट का छळते ते क्लासच्या बाहेर कोणी विचारतच नाही. मराठीत 'तो कुठे राहतो?' हा प्रश्न, आणि 'तो कुठे राहतो मला माहीत नाही' हे साधं वाक्य. आतलं काहीही हलत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्न करायचा तर क्रियापद उचलून पुढे आणावं लागतं, आणि आणायला काही नसलं तर डू-डज-डिड घुसवावं लागतं. (फळ्यावर मी पहिले तीन महिने इंग्रजी देवनागरीतच लिहितो, इथेही तसंच लिहितोय.) तर दोन महिने घसा फोडून मी पोरांना 'व्हेअर डिड ही गो' शिकवतो, ते अंगवळणी पडतं, आणि तिसऱ्या महिन्यात मीच सांगतो की वाक्य 'आय नो'ने सुरू झालं की हे सगळं परत जागच्या जागी ठेवा. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणि जागच्या जागी ठेवणं म्हणजे नुसतं डिड पुसणं नाही. डिडने भूतकाळ क्रियापदाकडून उसना घेतलेला असतो, म्हणून तर तिथे नुसतं 'गो' उरतं. डिड गेला की उसनं परत द्यायला लागतं, 'आय नो व्हेअर ही वेंट'. डजने तो शेवटचा स घेतलेला असतो, तोही परत, 'आय वंडर व्हेअर ही लिव्ह्ज'. निम्मी पोरं डिड पुसतात आणि देणं विसरतात, 'आय नो व्हेअर ही गो' असं लिहितात. हे उसनवारीचं मीच काढलंय आणि मला त्याचा अभिमान आहे, गावातल्या पोरांना उसनवारी सांगावी लागत नाही.

आस्कची गंमत वेगळी. आपण 'त्याने विचारलं की' म्हणतो, म्हणून पोरं 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह' लिहितात. तो दॅट म्हणजे आपला 'की' आहे, इंग्रजीला तिथे नको असतो, प्रश्नाचा शब्दच जोडायचं काम करतो. हो-नाहीचा प्रश्न असेल आणि असा शब्दच नसेल तर इफ किंवा व्हेदर. एवढं केलं की माझं नव्वद टक्के काम झालं असं मी समजायचो.

आता त्या दिवशीचं. आदल्या आठवड्यातला गुरुवार, दुपारचे दोन, मे महिना, लाईट गेलेली. पोराला बायरचा फोन आला होता, मला ओरिजिनल पेपर कधी मिळतील म्हणून. पोराला हे न्हावाशेवाच्या एजंटला कळवायचं होतं, कारण या वेळी कागद एजंटकडूनच परस्पर दुबईला जायचे होते. त्याने मेल लिहिला, आणि मी शिकवलंय म्हणून पाठवायच्या आधी मला टाकला, 'सर, चेक करा'. वाक्य होतं:

'बायर आस्क्ड मी व्हेन विल आय गेट द ओरिजिनल पेपर्स.'

मी बघितलं. आस्क्ड आहे, आत प्रश्न आहे, विल आयच्या आधी आलंय. चूक! दोन शब्द फिरवले आणि परत पाठवलं:

'बायर आस्क्ड मी व्हेन आय विल गेट द ओरिजिनल पेपर्स.'

विलचं वुड करू का हाही विचार केला. आस्क्ड भूतकाळात आहे म्हणून आतला काळ एक पायरी मागे जातो, पण गोष्ट अजून व्हायचीच आहे म्हणून विल चालतं, राहू दे म्हटलं. इतका बारीक विचार केला मी, पंख्याविना, घामात. खाली अंगठा टाकला आणि झोपलो.

एजंटच्या ऑफिसात मेल बघणारी मुलगी मुंबईची, घरातही इंग्रजीच बोलणारी. तिने ते वाक्य जसं लिहिलंय तसं वाचलं. 'आय' म्हणजे मेल लिहिणारा. म्हणजे बायर या पोराला विचारतोय की तुला कागद कधी मिळणार, म्हणजे कागद आधी सावद्याला जायचे असणार. तिने त्याच संध्याकाळी कुरिअर केलं. तत्परता एवढी की बोलायची सोय नाही. नंतर पोराने फोन केला तेव्हा ती म्हणाली, तुम्हीच लिहिलंय की तुम्हाला कधी मिळणार. बरोबरच आहे तिचं.

खरं वाक्य पाहिजे होतं 'बायर आस्क्ड मी व्हेन ही वुड गेट द ओरिजिनल पेपर्स'. आयचा ही. तो मला दिसलाच नाही. का दिसला नाही हेच मी तीन दिवस घोळवतोय.

कारण मराठीत ते चूक नाहीच. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' यात येणार कोण? तोच. आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचा मी तसाच ठेवतो, काळही तसाच ठेवतो. उलट 'तो म्हणाला की तो उद्या येतो' म्हटलं तर ऐकणारा विचारेल, तो म्हणजे कोण, आणखी कोणी येतोय का? पोराच्या डोक्यात 'त्याने विचारलं की मला पेपर कधी मिळतील' होतं आणि माझ्याही डोक्यात तेच वाजलं. आम्ही दोघं मराठीत एकमेकांना बरोबर समजलो आणि इंग्रजीत वाक्य चुकीचं गेलं.

याच्याही पुढचं जे मला जास्त टोचतंय ते असं, की पोराचं मूळचं चुकीचं वाक्य गेलं असतं तर बहुतेक काहीच बिघडलं नसतं. 'व्हेन विल आय गेट' असा उलटा क्रम दिसला की वाचणाऱ्याला वाटतं हे बायरचे शब्द जसेच्या तसे आहेत, अवतरणचिन्हं राहून गेलीत, म्हणून आय म्हणजे बायर. मी क्रम सरळ केला आणि तो इशाराच काढून टाकला. क्रम सरळ झाला की वाक्य लिहिणाऱ्याचं होतं आणि मग आतला प्रत्येक आय लिहिणाऱ्याचा. व्याकरणाची एक चूक काढली आणि अर्थाची घातली.

बुधवारी सकाळच्या बॅचला दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि विचारलं आय कोण. बावीस पोरं होती. पहिल्या वाक्याला सगळे म्हणाले बायर. दुसऱ्याला फक्त एका मुलीचा हात वेगळा वर आला, बाकी सगळे बायरच. म्हणजे सावद्यात हा मेल कोणालाही पाठवला असता तरी कागद दुबईला गेले असते!

आणि गंमत म्हणा की संताप म्हणा, या पोराला नियम येतो. शाळेत 'सन'चा नियम पाठ केलेला, पहिला पुरुष सब्जेक्टप्रमाणे, दुसरा ऑब्जेक्टप्रमाणे, तिसऱ्यात नो चेंज. मी पाकीट बाजूला सारून त्याच्यासमोर लिहिलं, 'द बायर सेड टू मी', स्वल्पविराम, अवतरणात 'व्हेन विल आय गेट द पेपर्स?'. त्याने दहा सेकंदात करून दाखवलं, सेडचं आस्क्ड, आयचा ही, विलचं वुड, शेवटी प्रश्नचिन्ह काढून पूर्णविराम. पैकीच्या पैकी. पण परीक्षेत अवतरणचिन्हं छापून मिळतात, कोण बोललं कोणाला बोललं सगळं वाढून ठेवलेलं असतं. फोन ठेवल्यावर मेल लिहिताना अवतरण कुठून आणणार? तिथे सुरुवात डोक्यातल्या मराठीपासून होते. वर्षानुवर्षं वाक्य बदला, वाक्य बदला, आणि वाक्य लिहा असं कोणी म्हणतच नाही. मीही नाही म्हटलं, तेव्हा जास्त बोलत नाही.

शेठचा मला फोन आला नाही. नुकसान किती झालं ते पोराने सांगितलं नाही, पाकीट त्याच रात्री दुबईच्या पत्त्याने परत गेलं एवढंच म्हणाला, आणि "शेठने तुमचं नाव नाही विचारलं सर, मी पण नाही सांगितलं." मी त्याची या महिन्याची फी घेणार नव्हतो, त्याने पाकिटाखाली ठेवून दिली होती, तो गेल्यावर दिसली.

आता तपासताना मी आधी क्रम बघत नाही. आधी आतले मी-तू-तो बघतो, प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलने माणसाचं नाव लिहितो, मग काळ, आणि क्रम सगळ्यात शेवटी. वेळ लागतो. कारण आयचा 'ही' केला म्हणजे सुटलं असंही नाही, एका वाक्यात दोन पुरुष आले की ही कोणाचा ते पुन्हा उभंच राहतं, तिथे सरळ नाव टाकावं लागतं.

काल रात्री पुन्हा त्याचा मेसेज आला, 'सर, चेक करा'. 'द ड्रायव्हर आस्क्ड द एजंट व्हेअर ही शुड वेट.' क्रम बरोबर, काळ बरोबर, दॅट नाही. अंगठा टाकणार होतो, मग थांबलो आणि मराठीत विचारलं, "थांबायचंय कोणाला, ड्रायव्हरला ना?"

बराच वेळ टायपिंग दिसत होतं. मग उत्तर आलं, "नाही सर, एजंटचा माणूस येणार आहे सील चेक करायला, त्याला."