पाच नारळांतला एक

गेल्या वर्षी चतुर्थीला पाच नारळ आणले आणि पाचही फोडून, खवून एकाच परातीत चव काढला. गूळ घालून कढई चुलीवर चढवली, अर्ध्या तासानं जिभेवर ठेवून पाहिलं तर सारण खवट. पाचांतला एक नारळ खराब होता आणि त्यानं बाकीच्या चारांचं वाटोळं केलं होतं. त्यातून सारणाला पाणीही सुटलेलं, आटता आटेना. म्हणजे अजून एक कोवळा होता. देवापुढे त्या दिवशी साखरेचा नैवेद्य दाखवला आणि मी मनाशी ठरवलं की नारळ बघायला शिकायचंच.

आम्ही सांगलीचे. आमच्या स्वयंपाकात खोबरं म्हणजे वाटी. कांदा-लसूण मसाल्याला, भरल्या वांग्याला, कटाच्या आमटीला सुकं खोबरंच भाजून घालायचं. ओला नारळ सणासुदीला किंवा ओटीला. त्यामुळे कोकणातली बाई जशी हाताच्या अंदाजानं नारळ उचलते तसा अंदाज माझ्या हाताला कधी आलाच नाही. हलवून बघायचं, पाणी वाजलं की घ्यायचा, एवढंच आईनं शिकवलेलं.

गणपती मंदिराच्या रस्त्याला नारळ विकणारे एक मामा बसतात. गर्दी नसताना एका दुपारी गेले आणि सरळ सांगितलं, "मामा, पैसे द्यायला तयार आहे, पण मला नारळ ओळखायला शिकवा." ते हसले. ढिगातून दोन नारळ काढून माझ्या दोन हातांत दिले. "हलवू नका. आधी नुसते तोला."

डोळ्याला दोन्ही सारखेच, पण डाव्या हातातला हलका लागत होता. मग म्हणाले, आता हलवा. दोन्ही वाजले. जड होता त्याचा आवाज भरीव, डुबुक डुबुक असा. हलक्याचा बारीक, खळखळ, तळाला थोडंसंच पाणी असल्यासारखा. दोन्ही विकत घेतले आणि घरी काट्यावर ठेवले. एक ६१० ग्रॅम, दुसरा ४७०. फोडल्यावर जडाचं खोबरं पांढरं, दुधाळ, पाणी भरपूर आणि गोड. हलक्यात घोटभर पाणी आणि जाड, तेलकट खोबरं. खराब नव्हता तो, फक्त जुना होता. मोदकाला तसा घेतला की सारणाला तेल सुटतं. त्याची मी चटणी केली, चांगली झाली.

मामांचं सगळं शिकवणं या एका गोष्टीवर होतं: आवाज एकटा ऐकायचा नाही, वजनाच्या जोडीनं ऐकायचा. झाडावर नारळ तयार व्हायला वर्ष लागतं. कोवळेपणी आतली पोकळी पाण्यानं गच्च भरलेली असते, पाण्याला हलायला जागाच नाही, म्हणून वाजत नाही. पुढे खोबरं धरत जातं, पाणी कमी होतं, वर हवा राहते आणि तो वाजायला लागतो. म्हणून न वाजणारा पण जड नारळ दिसला तर तो कोवळा. आणि न वाजणारा हलका असला तर पाणी कुठून तरी निघून गेलंय, बहुतेक करवंटीला चीर आहे. आईनं "वाजला की घे" सांगितलं ते अर्धंच खरं होतं. पार सुकलेला असला तर पाण्याऐवजी आतलं खोबरंच करवंटीला आपटून खडखड वाजतं. तो गोटा. तो आपल्या मसाल्याच्या कामाचा, मोदकाच्या नाही.

माझा कोवळा नारळ कसा आला तेही कळलं. करवंटीचा रंग बघायचा राहिला होता. तयार नारळाची करवंटी गडद तपकिरी असते, कोवळ्याची फिकट, मातकट. रत्नागिरीकडच्या आमच्या मामी अशा अर्धवट नारळाला अडसर म्हणतात. त्याचं खोबरं मऊ, खवणीला नीट लागत नाही आणि कढईत पाणी सोडतं. मामी त्याचे तुकडे करून गुळाबरोबर खायला देतात, आणि खरंच तो खायलाच चांगला.

पण माझं सारण नासवलं ते कोवळ्यानं नाही, खवटानं. आणि खवट नारळ वजनाला आणि आवाजाला बरोबर असू शकतो. तिथं डोळे बघायचे. शेंडीच्या खाली तीन डोळे असतात. त्यातला एक मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर येतो. करवंटी सगळीकडे टणक, पण तिथं कवच पातळ, म्हणून बुरशीही तिथूनच आत शिरते. विकणारे शेंडी काढू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे; पूजेला शेंडीचाच नारळ लागतो, शिवाय शेंडी गेली की डोळे उघडे पडून नारळ लवकर खराब होतो. मामांनी दोन बोटांनी शेंडीचे तंतू बाजूला सारून दाखवले. डोळा कोरडा हवा. ओलसर, काळपट किंवा पांढरी बुरशी धरलेला दिसला की ठेवून द्यायचा. मऊ डोळ्यावर अंगठा दाबून अंगठ्याचा वास घ्यायचा. आंबूस आला तर विषय संपला. डोळा फुगून वर आला असेल तर आत कोंब धरलाय. तो पांढरा गोळा मुलं आवडीनं खातात, पण खोबरं कमी मिळतं.

पावसाळ्यात इथंच फसायला होतं, कारण ढीगच ओला असतो. मी पदरानं नारळ पुसते आणि बाकीचे निवडेपर्यंत बाजूला ठेवते. पावसाचं पाणी असेल तर जागा कोरडी राहते. चिरेतून पाझरत असेल तर तीच रेघ पुन्हा ओली होते.

शहाळ्याला हाच हिशोब उलटा लावायचा. जूनमध्ये सासऱ्यांना ताप होता तेव्हा रोज एक आणत होते. पहिल्या दिवशी सवयीनं हलवून वाजणारं घेतलं. पाणी कमी निघालं, जरा तुरट, आणि आत जाड खोबरं. पाण्यासाठी शहाळं साधारण सातव्या महिन्यातलं चांगलं, तेव्हा ते गोड असतं आणि मलई नुकतीच धरायला लागलेली असते. म्हणून हिरवंगार, हाताला जड आणि न वाजणारं घ्यायचं. मुलीला मलई आवडते, तिच्यासाठी किंचित वाजणारं.

यंदा चतुर्थीला अकरा नारळ निवडले. मामा बघत होते, एकदाही बोलले नाहीत. घरी प्रत्येक नारळ वेगळा फोडला, पाणी वेगळ्या फुलपात्रात घेऊन वास घेतला, खोबऱ्याचा एक तुकडा चाखला आणि मगच तो परातीत खवला. दहा चांगले निघाले. अकरावा वजनाला बरोबर, आवाजाला बरोबर, डोळे कोरडे, तरी फोडल्यावर खोबरं पिवळसर आणि चवीला साबणासारखं. बाहेरून ते कळायला काहीच मार्ग नव्हता. तो परातीपर्यंत गेलाच नाही. दहा नारळांच्या चवात निम्मा गूळ घातला, वेलदोडे कुटून टाकले, आणि या वेळी सारण कढईच्या कडा सोडून गोळा झालं.