ट्रॉम्सोचं महाबळेश्वर

अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात रात्री नाचणारा प्रकाश, बघायचा होता. मुलुंडच्या घरी पहिला बेत ठरला तो नाताळच्या सुट्टीचा: नॉर्वेतलं ट्रॉम्सो, दोन रात्री. ताईने तो मोडीत काढला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई ती. "डिसेंबरात रात्र मोठी असते हे खरं, पण समुद्रकाठचं गाव आहे ते. ढग किती असतील याचा विचार केलास का?"

मग मार्चचा मध्य धरला. तोवर रात्री पुरेशा काळ्या असतात, आकाश डिसेंबरपेक्षा उघडं मिळायची शक्यता जास्त, शिवाय मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सरासरीने वाढते. दोनाच्या पाच रात्री झाल्या. हिशोब सोपा होता. एखाद्या रात्री आकाश उघडं असण्याची शक्यता 40 टक्के धरली, तर दोन्ही रात्री फुकट जाण्याची शक्यता 36 टक्के निघते, पाचही रात्री जाण्याची 8 टक्क्यांच्या आत. अर्थात हे कागदावर. ढग एकदा आले की दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतात, त्यामुळे पाच रात्री म्हणजे पाच वेगळ्या सोडती नव्हेत. म्हणून रात्री वाढवण्याइतकंच जागा बदलता येणं महत्त्वाचं.

पहिल्या रात्री ढग, दुसऱ्या रात्री बर्फ. मी मोबाईलवर केपी हा आकडा बघत बसलो होतो. चुंबकीय हालचालीची ही 0 ते 9 अशी मोजणी, आणि त्या दिवशी अंदाज होता 2. मी हिरमुसलो. आमच्या मिनीबसचा चालकच वाटाड्याही होता, तो हसला. ट्रॉम्सो अरोराच्या ज्या पट्ट्याखाली येतं तिथे 2 सुद्धा पुरतो म्हणाला. मोठा आकडा दक्षिणेकडच्या लोकांना लागतो, इथे अडतं ते ढगांपाशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने yr.no हे हवामानाचं संकेतस्थळ उघडून दाखवलं. त्यात खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे दिसतात. अरोरा चमकतो साधारण 100 किलोमीटरवर किंवा त्याहून वर, म्हणजे सगळ्या ढगांच्या वर. वरचा विरळ थर असला तर प्रकाश थोडा झिरपतो, खालचे जाड ढग मात्र पडदाच टाकतात. ट्रॉम्सोवर खालचे ढग 100 टक्के होते. शंभरेक किलोमीटरवरच्या स्कीबोटनवर जवळपास शून्य.

"अगं, हे कसं?" मी विचारलं.

"वारा पश्चिमेचा आहे ना? ट्रॉम्सो म्हणजे महाबळेश्वर, स्कीबोटन म्हणजे माण-खटाव," ताई म्हणाली. मध्ये लिंगेनचे डोंगर, सर्वांत उंच शिखर 1800 मीटरच्या वर. समुद्रावरून आलेली ओल अलीकडे सांडते, पलीकडे पर्जन्यछाया. ट्रॉम्सोच्या विद्यापीठाने वेधशाळा तिकडे बांधली ती उगाच नव्हे.

रात्री नऊ वाजता स्कीबोटनला गाडीतून उतरलो तेव्हा उणे चौदा होतं. ताईने अंगाला लागून लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट आणि सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट घातलं होतं. बूट एक नंबर मोठे, आत एकच जाड मोजा. मी शहाणा. ट्रेकिंगच्या नेहमीच्या बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले होते. पाय आवळला गेला, आत हवेला जागा उरली नाही, आणि वीस मिनिटांत बोटं बधिर. सह्याद्रीत आपण चालत असतो म्हणून ऊब राहते, इथे तासन्‌तास नुसतं उभं राहायचं असतं. आतला बनियन सुती होता. चढावर चालताना तो घामाने ओला झाला आणि मग अंगाला बर्फासारखा चिकटला. मोबाईल 60 टक्के बॅटरी दाखवत बंद पडला. तो आतल्या खिशात, अंगाशी ठेवायला हवा होता.

दहाच्या सुमारास उत्तरेला एक फिकट, राखाडी कमान दिसली. मला ढगच वाटला. ताई म्हणाली, "त्याच्यातून तारे दिसतायत बघ." तिने मोबाईल दगडावर टेकवून तीन सेकंदांचा फोटो काढला आणि पडद्यावर कमान पोपटी झाली. मंद असताना डोळ्यांना त्यातला रंग नीट कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. अर्धा तास ती तशीच लोंबकळत राहिली. चार जण गाडीत जाऊन बसले. मीही पाय शेकायला निघालो होतो.

मग कमानीची खालची कड उजळली, वळवळली आणि डोक्यावर आली. आता हिरवा रंग उघड्या डोळ्यांनी दिसत होता, खालच्या काठाला गुलाबी झाक. झुळकीने पडदा हलावा तशी ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेली, अजिबात आवाज न करता. सात-आठ मिनिटं चाललं असेल. बोटांचं दुखणं मला परत आठवलं ते सगळं विझल्यावर.

परतताना रात्री दोनच्या सुमारास ट्रॉम्सोच्या अलीकडे काचेवर बर्फ आपटू लागला. ताई झोपली होती असं मला वाटत होतं. डोळे न उघडताच म्हणाली, "आलं महाबळेश्वर."