एका खोलीच्या फरशीसाठी टाइल्स किती लागतात: माझा अनुभव

सोलापुरात विजापूर रस्त्याकडच्या आमच्या जुन्या घरात वडिलांच्या काळातील शहाबादी फरशी होती. शहाबाद रेल्वेने जवळ, त्यामुळे त्या काळी फरशी ब्रासच्या हिशेबाने येई आणि गवंडी ती जागेवर छिन्नीने फोडून बसवीत असे. बाहेरची खोली आणि तिला लागून असलेला बोळ येथील ती फरशी काढून दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायचे ठरले, तेव्हा टाइल्स नेमक्या किती घ्यायच्या हा प्रश्न आला. खोलीचे क्षेत्रफळ काढून त्यावर दहा टक्के धरायचे, हे सर्वांनाच ठाऊक असते. हे दहा टक्के कोठे पुरतात आणि कोठे पुरत नाहीत, हे मात्र टाइल्स कशा मांडल्या जाणार आहेत ते कागदावर काढल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात मापापासून केली. जुन्या घराच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात, म्हणून प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना आणि मध्यभागी मोजली. लांबी एका भिंतीलगत १४ फूट ५ इंच आणि समोरच्या भिंतीलगत १४ फूट ३ इंच निघाली, तर रुंदी दाराकडे ११ फूट २ इंच आणि आतल्या टोकाला १० फूट ११ इंच भरली. दोन्ही कर्णही मोजले. ते सारखे आले नाहीत, म्हणजे खोली गुण्यात नव्हती. अशा वेळी हिशेबासाठी मोठे माप धरावे लागते, कारण तुकडा लहान करता येतो, मोठा करता येत नाही. मोठ्या मापांनी क्षेत्रफळ १६१ चौरस फूट झाले.

दुकानदाराने तोंडी हिशेब सांगितला. एका बॉक्समध्ये चार टाइल्स, म्हणजे सोळा फूट. १६१ भागिले १६, झाले दहा बॉक्स, आणि कटिंगसाठी वर एक, असे अकरा बॉक्स. सोळाचा हा आकडा बोलण्यापुरता ठीक आहे, परंतु दोन बाय दोन म्हणून विकली जाणारी टाइल प्रत्यक्षात ६० सेंटीमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१ सेंटीमीटर होतात. बॉक्सवर १.४४ चौरस मीटर असे छापलेले असते, ते सुमारे साडेपंधरा चौरस फूट होतात. बॉक्समागे अर्धा फूट कमी पडला, तर अकरा बॉक्सांत एका टाइलहून अधिक तूट येते. साडेपंधराने भागले तर तुकड्यांचा विचार न करताही या खोलीला जवळजवळ ४२ टाइल्स लागत होत्या.

त्यानंतर मी चौकटीच्या कागदावर खोली काढली आणि मापे सेंटीमीटरमध्ये घेतली: लांबी ४३९ आणि रुंदी ३४०. दोन टाइल्समध्ये दोन मिलिमीटरचा सांधा धरल्यास प्रत्येक टाइल ६०.२ सेंटीमीटर जागा घेते. दाराकडच्या भिंतीपासून अख्खी टाइल लावत गेले, तर लांबीत सात अख्ख्या टाइल्स बसून १८ सेंटीमीटर उरतात आणि रुंदीत पाच बसून ३९ सेंटीमीटर उरतात. म्हणजे पस्तीस अख्ख्या टाइल्स, रुंदीच्या बाजूला ३९ सेंटीमीटरचे सात तुकडे आणि आतल्या भिंतीलगत १८ सेंटीमीटरची पट्टी. ३९ चे दोन तुकडे ६० मधून निघत नाहीत, म्हणून त्या सात तुकड्यांना सात टाइल्स लागतात, पण प्रत्येकीतून २१ सेंटीमीटरची पट्टी उरते आणि तिच्यातून १८ ची पट्टी सहज निघते. या मांडणीत सगळी खोली ४२ टाइल्समध्ये बसत होती आणि वाया जवळजवळ काहीच जात नव्हते.

कागदावरचा हा हिशेब दोन कारणांनी टिकला नाही. आम्ही निवडलेल्या टाइलवर संगमरवरासारख्या शिरा होत्या आणि त्या सर्व एकाच दिशेने धावत होत्या. उरलेली २१ ची पट्टी आतल्या भिंतीलगत लावायची, तर ती नव्वद अंशांत फिरवावी लागते आणि तिच्या शिरा इतर फरशीला आडव्या जातात. साध्या, एकरंगी टाइलला हा प्रश्न येत नाही. शिरांच्या टाइलला मात्र त्या पट्टीसाठी वेगळ्या टाइल्स कापाव्या लागतात आणि आकडा ४४ वर जातो. टाइल पसंत करतानाच तिच्या मागच्या बाजूला दिशेचा बाण आहे का, हे पाहून ठेवणे त्यामुळे उपयोगाचे ठरते.

दुसरे कारण मिस्त्रींनी सांगितले. कागद पाहून ते म्हणाले, “साहेब, ही पट्टी दारातून सरळ डोळ्यात येणार. भिंत तिरकी आहे, इकडे अठरा भरेल आणि तिकडे तेरा.” त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण दोन लांब भिंतींमधला दोन इंचांचा फरक त्याच पट्टीत उतरणार होता. तिरकेपणा रुंद तुकड्यात फारसा जाणवत नाही, अरुंद पट्टीत मात्र तो लगेच दिसतो. शिवाय अरुंद पट्टी कापताना तुटतेही अधिक. म्हणून कडेचा तुकडा शक्यतो अर्ध्या टाइलहून लहान येऊ द्यायचा नाही, असा फरशी बसवणाऱ्यांचा रिवाज आहे. त्यासाठी एक अख्खी टाइल कमी करून तिची जागा त्या १८ सेंटीमीटरमध्ये मिळवायची आणि ती दोन्ही टोकांना सारखी वाटायची. तसे केल्यावर मध्ये सहा अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही टोकांना सुमारे ३९ सेंटीमीटरचे तुकडे, अशी मांडणी झाली.

दिसायला ती चांगली होती, पण तिने आकडा बदलला. आता लांबीत आठ आणि रुंदीत सहा टाइल्स खर्ची पडत होत्या, म्हणजे एकूण ४८. त्यांपैकी तीस अख्ख्या आणि अठरा कापलेल्या. खोली तीच, टाइल तीच, आणि केवळ मांडणीमुळे ४२ चे ४८ झाले. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ही पंधरा टक्क्यांहून अधिक वाढ होते आणि अजून फुटतुटीचा विचार झालेलाच नव्हता.

ही सगळी वाढ वाया गेली असे मात्र नाही, कारण भिंतींच्या तळाशी लावायचे स्कर्टिंग बाकी होते. खोलीचा घेर सुमारे ५१ फूट; त्यातून दोन दारांचे साडेसहा फूट वजा केल्यावर साडेचव्वेचाळीस फूट उरतात आणि त्यासाठी टाइलच्या लांबीच्या तेवीस पट्ट्या लागतात. कोपरे आणि जोड धरून पंचवीस मोजल्या. तीन इंच उंचीचे स्कर्टिंग ठरवले, तर २१ सेंटीमीटरच्या एका उरलेल्या पट्टीतून दोन निघतात आणि अशा सोळा लांब पट्ट्या आमच्याकडे उरणार होत्या. ४२ किंवा ४४ च्या मांडणीत स्कर्टिंगसाठी वेगळ्या टाइल्स कापाव्या लागल्या असत्या आणि दोन्ही वेळा आकडा ४६ च्या आसपास गेला असता. स्कर्टिंग जमेस धरले, की देखण्या मांडणीचा जादा खर्च सहा टाइल्सवरून दोनांवर येतो. येथे एक बारकावा मिस्त्रींनी दाखवला. उरलेल्या पट्टीला कारखान्याची गुळगुळीत कड एकाच लांब बाजूला असते, त्यामुळे तिच्या दोन तुकड्यांपैकी एकालाच वर दिसणारी चांगली कड मिळते. दुसऱ्याची कड घासून घ्यावी लागते. त्यांनी चांगल्या कडेच्या पट्ट्या समोरच्या भिंतींना लावल्या आणि घासलेल्या पट्ट्या दिवाणामागे ढकलल्या. उंबऱ्याच्या जागी कडप्प्याची पट्टी येणार असल्यामुळे तेवढा भाग हिशेबातून वगळला होता.

बोळाचा हिशेब मात्र फार बोलका निघाला. तो तीन फूट रुंद आणि पावणेबारा फूट लांब आहे, म्हणजे सव्वापस्तीस चौरस फूट. क्षेत्रफळाने नऊच्या वर एखादा तुकडा आणि दहा टक्के धरून दहा टाइल्स. प्रत्यक्षात तीन फूट म्हणजे ९१ सेंटीमीटर. त्यात एक अख्खी टाइल बसून ३१ उरतात. ३१ चा तुकडा कापल्यावर टाइलमधून २९ हूनही थोडे कमी उरते, आणि ते पुढच्या ओळीला दोन-अडीच सेंटीमीटरने अपुरे पडते. त्यामुळे प्रत्येक ओळीला दोन टाइल्स, अशा सहा ओळींना बारा लागतात. दहा टक्क्यांच्या ठिकाणी येथे तीस टक्क्यांहून अधिक धरावे लागले. बोळ दोन-तीन इंचांनी अरुंद असता, तर एका टाइलमधून दोन तुकडे निघून नऊच टाइल्समध्ये काम झाले असते. उरलेल्या पट्ट्या बोळाच्या स्कर्टिंगला पुरल्या, एवढेच समाधान.

खोलीच्या ४८ आणि बोळाच्या १२ मिळून बरोबर ६० टाइल्स, म्हणजे पंधरा बॉक्स झाले. आकडा असा काठोकाठ आला, की फुटतुटीसाठी काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून सोळावा बॉक्स घेतला. खोलीच्या एका कोपऱ्यात कॉलम थोडा पुढे आलेला आहे आणि त्याच्याभोवती बसवायची टाइल आतून काटकोनात कापावी लागते. अशा टाइलला तडा आतल्या कोपऱ्यातून जातो. तेथे आधी ड्रिलने छिद्र पाडून मग दोन्ही बाजूंनी त्या छिद्रापर्यंत कटर आणला, तर धोका कमी होतो. असे करूनही आमची एक टाइल गेली आणि दुसरी बसली. टेम्पोतून माल उतरवून प्रत्येक बॉक्स उघडून पाहिला, तेव्हा एका टाइलचा कोपरा उडालेला आढळला. ती परत करण्याऐवजी कापायच्या टाइल्समध्ये ठेवली आणि उडालेला कोपरा कापून जाणाऱ्या भागात घेतला. कापायच्या टाइल्स इतक्या असताना असा माल सहज खपतो.

खरेदी मात्र एकाच वेळी, एकाच लॉटची केली. बॉक्सच्या बाजूला लॉट किंवा शेड क्रमांक छापलेला असतो. तो सोळाही बॉक्सांवर सारखा आहे ना, हे गोदामातच पाहून घेतले, कारण एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये रंगाची छटा आणि कधीकधी मापही किंचित वेगळे येते आणि शेजारी शेजारी बसवल्यावर ते दिसते. म्हणूनच चार टाइल्स कमी पडल्या तर नंतर आणू, हा विचार येथे चालत नाही. जास्त झालेला माल दुकानदार परत घेणार का, हेही पैसे देण्यापूर्वी विचारले होते. न उघडलेला पूर्ण बॉक्स घेऊ, सुट्या टाइल्स घेणार नाही, असे उत्तर मिळाले. काम संपल्यावर तीन अख्ख्या टाइल्स उरल्या. नळाच्या दुरुस्तीसाठी कधी फरशी फोडावी लागली तर त्या लागतील, म्हणून बॉक्सवरचा क्रमांक कापून त्यांच्या मागे चिकटवला आणि त्या जिन्याखाली उभ्या करून ठेवल्या.