२१ दिवस आधीचा आकडा

"नोंदणी तर शेवटच्या दिवसापर्यंत येत असते. मग तुम्ही तीन आठवडे आधीच हॉल कसा ठरवता, अन् जेवणाचा आकडा कशावरून सांगता?" असं मला विचारलं जातं.

नागपुरात दर डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी विज्ञान शिक्षकांचं एक दिवसाचं संमेलन आम्ही भरवतो, आणि नोंदणीची वही माझ्याकडे असते. २०२५ सालचंच सांगते, कारण त्या वर्षी आमच्या समितीत यावरून बराच वाद झाला.

संमेलन १४ डिसेंबरला होतं. नोंदणी नेहमीप्रमाणे ६० दिवस आधी सुरू केली. समोर दोन हॉल होते, एक २५० खुर्च्यांचा आणि दुसरा ४०० चा. तुळशीचं लग्न आटोपलं की नागपुरात हॉल मिळणं अवघड होतं. मोठ्या हॉलच्या व्यवस्थापकांनी स्पष्टच सांगितलं, "मॅडम, तेवीस तारखेपर्यंत सांगा, नाही तं लग्नाची पार्टी तयारच आहे." म्हणजे २१ दिवस आधी ठरवायचं होतं, आणि त्या दिवशी नोंदणी होती १२१.

आमच्या खजिनदारांनी हिशोब मांडला. ३९ दिवसांत १२१, म्हणजे रोज साधारण ३. उरलेल्या २१ दिवसांत आणखी ६५ येतील, एकूण १८६. लहान हॉल पुरे, भाडंही वाचेल. हा हिशोब ऐकायला अगदी सरळ वाटतो, आणि इथेच घात होतो, कारण नोंदणी कधीच रोज सारखी येत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत नेहमीची माणसं भरतात, मग नोंदणी कित्येक दिवस रेंगाळते, आणि शेवटच्या पंधरवड्यात एकदम चढते. सवलतीची फी संपायच्या आदल्या रात्री तर आमच्याकडे एकेका तासात एरवीच्या आठवड्याएवढी नावं येतात.

म्हणून "रोज किती" असं न विचारता मी वेगळं विचारते: मागच्या वर्षांमध्ये, संमेलनाला इतकेच दिवस उरले असताना, शेवटच्या आकड्याचा किती हिस्सा आलेला होता? त्यासाठी वहीत तारखेऐवजी "उरलेले दिवस" हा रकाना ठेवावा लागतो. २१ दिवस उरले असताना २०२२ मध्ये ४० टक्के नावं आली होती, २०२३ मध्ये फक्त २५, आणि २०२४ मध्ये ३५. आजचा आकडा त्या हिश्शाने भागला की शेवटचा अंदाज मिळतो.

पण तीन वर्षांचे तीन हिस्से एवढे वेगळे असतील, तर कोणता धरायचा? सरासरी काढून मोकळं व्हावं असा मोह होतो. मला तो पटत नाही, कारण या फरकामागे कारण आहे आणि ते माहीत आहे: दिवाळी. आमचे शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत अर्ज भरत नाहीत. शाळा उघडते, स्टाफरूममध्ये "तू येतेस का?" अशी विचारपूस होते, मग चौघी-पाच जणी मिळून नाव देतात. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, संमेलनाच्या अवघे २८ दिवस आधी. त्यामुळे २१ दिवस उरले तेव्हा ती विचारपूस सुरूही झाली नव्हती. २०२४ मध्ये हे अंतर ३७ दिवसांचं होतं, २०२२ मध्ये ४८. आणि २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे तब्बल ५४ दिवस आधी. यंदाचं वर्ष २०२२ च्या जवळचं, फार तर २०२४ सारखं, आणि २०२३ ला बाजूला ठेवणंच योग्य, हे त्यावरून दिसलं.

आणखी एक दुरुस्ती राहिली होती. १२१ मध्ये एकाच शाळेच्या १६ जणांची नावं मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी एकगठ्ठा भरली होती. ही शाळा दरवर्षी येते, पण एरवी अगदी शेवटच्या पंधरवड्यात. तिची नावं आधी आली म्हणून बाकीचेही लवकर येताहेत असं होत नाही. त्यामुळे तुलनेपुरती ती १६ वगळली आणि १०५ धरले. १०५ ला ४० टक्क्यांनी भागलं तर २६२, ३५ टक्क्यांनी भागलं तर ३००. ती शाळा मागच्या वर्षांच्या शेवटच्या आकड्यात आहेच, म्हणून पुन्हा मिळवायची नाही. वगळली नसती तर हाच अंदाज ३०२ ते ३४६ झाला असता.

मी समितीला एक आकडा दिला नाही, २६० ते ३०० एवढंच सांगितलं. हॉलसाठी तेवढं पुरेसं होतं, कारण त्यातला लहानात लहान आकडाही २५० च्या वर होता. मोठ्या हॉलचा ॲडव्हान्स त्याच संध्याकाळी भरला. ही पट्टी २३० ते २७० आली असती, तर मात्र वहीने उत्तर दिलं नसतं. मग मी नेहमीच्या दहा-बारा शाळांना फोन लावले असते.

पुढे दर तीन-चार दिवसांनी मी तोच भागाकार पुन्हा करते. अंदाज थोडा वर, थोडा खाली होत राहिला तर काळजी नसते. पण सलग तीन वेळा एकाच दिशेने सरकला, तर यंदाची चाल मागच्यासारखी नाही असं समजावं. सवलतीला मुदतवाढ दिली की हे हमखास होतं. समितीत कोणी मुदतवाढ सुचवली की मी कळकळीने विरोध करते, कारण त्यानंतर मागच्या वर्षांचे हिस्से त्या वर्षापुरते निकामी होतात.

जेवणाचा आकडा कॅटररला ४ दिवस आधी द्यायचा असतो. तोपर्यंत सगळी वर्षं एकमेकांजवळ आलेली असतात: ८८, ८६, ८७ टक्के. त्या दिवशी नोंदणी २३६ होती, म्हणून अंदाज २७१.

पण २७१ नावं म्हणजे २७१ ताटं नव्हेत. २०२३ आणि २०२४ मध्ये नाव दिलेल्यांपैकी ८९ आणि ८८ टक्के लोक आले होते. २०२२ मध्ये ७८ च टक्के आले, कारण ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाच्या नागपूर–शिर्डी टप्प्याचं उद्घाटन आमच्याच शहरात होतं आणि गर्दीच्या धास्तीने पुष्कळ जण निघालेच नाहीत. तसं कारण यंदा नव्हतं. ८८ टक्क्यांनी २३८ होतात, त्यात नोंदणीत नसलेले स्वयंसेवक, वक्ते आणि गाडीचालक मिळून १८. झाले २५६.

कॅटररला मी २५० प्लेटची हमी दिली. हमीच्या प्लेटचे पैसे कोणी जेवो न जेवो, द्यावेच लागतात. वाढीव प्लेट लागेल तशी मोजली जाते. म्हणून २७० पर्यंत वाढवता येईल का, हे आचाऱ्यांना आधी विचारून घेतलं. पाटोडी वेळेवर वाढवता येत नाही, ती आधी थापून, वड्या पाडून ठेवावी लागते. भात आणि वरण मात्र ११ वाजता सांगितलं तरी वाढतं. तेव्हा पाटोड्या २७० जणांच्या थापायच्या आणि बाकी २५० वर थांबायचं, असं ठरलं.

नोंदणी २७४ वर थांबली. जेवले २५९.

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि संमेलन १३ डिसेंबरला, मध्ये ३५ दिवस. वहीत २०२४ च्या पानाला मी आत्ताच खूण घालून ठेवली आहे.